बूलियन राशीपासून गेटच्या आकृतीकडे, आणि कार्नो मॅपने तिची काटछाट

कागदावर लिहिलेली बूलियन राशी प्रत्यक्ष सर्किटमध्ये कशी उतरवायची आणि ती उतरवण्यापूर्वी लहान कशी करायची, हे एकाच उदाहरणावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत केले की पद्धत पक्की होते. म्हणून या लेखात चार चलांची एकच राशी घेतली आहे. लिहिण्याची पद्धत अशी ठेवू: A' म्हणजे A चा पूरक (नॉट), दोन अक्षरांमधील टिंब म्हणजे अँड, आणि अधिकचे चिन्ह म्हणजे ऑर. दोन अक्षरे शेजारी लिहिली, तर मध्ये टिंब आहे असे समजावे.

```
F = B'(C + (C + D)') + BD(C + AC')
```

ही राशी मुद्दाम थोडी गुंतागुंतीची निवडली आहे. तिच्यात कंस आहेत, एका संपूर्ण कंसाचा पूरक आहे, आणि पुढे दिसेल की तिच्यातील एक भाग पूर्णपणे अनावश्यक आहे.

राशीचे तुकडे पाडणे

आकृती काढण्यापूर्वी क्रियांचा अग्रक्रम स्पष्ट करून घ्यावा. सर्वांत आधी कंसाच्या आतील काम, मग पूरक, मग अँड आणि सर्वांत शेवटी ऑर, असा तो क्रम आहे. पूरकाचे चिन्ह एका अक्षरावर असेल तर ते फक्त त्या अक्षराला लागू होते, आणि कंसावर असेल तर कंसातील उत्तर पूर्ण झाल्यानंतर त्या उत्तराला लागू होते. वरच्या राशीत (C + D)' आहे, म्हणजे आधी C आणि D यांचा ऑर काढायचा आणि त्याचा निकाल उलटा करायचा.

राशी डावीकडून वाचत पहिल्या अक्षरापासून गेट काढायला बसल्यास मध्येच जागा संपते आणि तारा एकमेकींवर चढतात. त्यापेक्षा सर्वांत शेवटी होणारी क्रिया आधी शोधावी. येथे कंसांच्या बाहेर एकच अधिकचे चिन्ह आहे, म्हणून आउटपुटला लागून असलेले गेट ऑर आहे. त्याच्या एका इनपुटवर B'(C + (C + D)') येते आणि दुसऱ्यावर BD(C + AC') येते. आता या प्रत्येक तुकड्याची शेवटची क्रिया शोधायची, आणि केवळ A, B, C, D उरेपर्यंत असेच मागे जात राहायचे. मागे जाताना प्रत्येक मधल्या तारेला नाव दिले, तर शेवटी हाती अशी यादी येते. गेटला दोनपेक्षा जास्त इनपुट नाहीत असे येथे धरले आहे.

```
n1  = B'
n2  = C + D
n3  = (n2)'
n4  = C + n3
n5  = n1 · n4
n6  = C'
n7  = A · n6
n8  = C + n7
n9  = B · D
n10 = n9 · n8
F   = n5 + n10
```

या यादीची प्रत्येक ओळ म्हणजे एक गेट होय. अकरा ओळी आहेत, म्हणजे अकरा गेट लागतील: तीन नॉट, चार अँड आणि चार ऑर. आकृतीपूर्वी ही यादी करण्याचा कंटाळा करू नये, कारण एखादे गेट आकृतीत राहून गेले तर ते शोधणे कठीण जाते, पण यादीत न जुळणारे नाव लगेच डोळ्यांत भरते.

यादीवरून आकृती

कागद आडवा धरून डाव्या बाजूला A, B, C, D यांच्या चार उभ्या रेषा वरपासून खालपर्यंत ओढाव्यात. ज्या गेटला जे अक्षर हवे असेल, त्यासाठी त्या रेषेवरून उजवीकडे फाटा काढायचा. जेथे फाटा खरोखर जोडलेला आहे तेथे ठळक ठिपका द्यावा, आणि जेथे दोन रेषा केवळ एकमेकींना ओलांडतात तेथे ठिपका देऊ नये. चार रेषांच्या आकृतीत असे ओलांडण्याचे प्रसंग बरेच येतात आणि ठिपक्याची शिस्त नसेल, तर जोडणी करणारा माणूस C च्या जागी D जोडून मोकळा होतो.

गेट स्तंभांत मांडावेत. ज्यांना थेट मूळ अक्षरे पुरतात ते पहिल्या स्तंभात येतात: n1, n2, n6 आणि n9. ज्यांना पहिल्या स्तंभाचे निकाल लागतात ते दुसऱ्या स्तंभात, म्हणजे n3 आणि n7. तिसऱ्यात n4 आणि n8, चौथ्यात n5 आणि n10, आणि पाचव्यात F चा ऑर. अँड गेटची डावी कड सपाट आणि उजवी गोल असते, ऑर गेटची डावी कड आत वळलेली आणि उजवी टोकदार असते, आणि नॉट गेट म्हणजे त्रिकोणाच्या टोकावर एक लहान वर्तुळ. पूरकता त्या वर्तुळात असते, त्रिकोणात नव्हे. पुढे नँड गेटकडे जाताना ही गोष्ट उपयोगी पडेल.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट कळते. C किंवा D बदलल्यावर तो बदल F पर्यंत पोहोचताना सर्वांत लांबच्या वाटेने पाच गेटमधून जातो, आणि प्रत्येक गेट थोडा वेळ घेतो. त्यामुळे काटछाटीचा फायदा मोजताना केवळ गेटची संख्या पाहून भागत नाही. ही वाट किती लहान झाली तेही पाहावे लागते.

आकृती पुरी झाल्यावर निदान दोन ओळी हाताने तपासाव्यात. A=1, B=1, C=0, D=1 घेतल्यास n7 आणि n8 दोन्ही 1 होतात, n9 सुद्धा 1 आहे, म्हणून F=1 येतो. फक्त B बदलून 0 केला, तर n9 शून्य होतो, n2 हा 1 असल्याने n3 शून्य राहतो, C ही शून्य आहे, आणि F=0 येतो.

मॅप भरण्यापूर्वी कंस उघडणे

कार्नो मॅप भरायला राशी गुणाकारांच्या बेरजेच्या रूपात असली की काम सोपे होते. येथे (C + D)' उघडताना डी मॉर्गनचा नियम लागतो: कंसाच्या आत पूरक नेला की ऑरचा अँड होतो. म्हणून त्याचे रूप C'D' होते. नवशिक्या वाचकाने याच जागी थांबून स्वतःला तपासावे, कारण हे C' + D' असे लिहिले तर कंसात C + C' + D' येते, ते नेहमीच 1 असते, आणि संपूर्ण पहिला भाग नुसता B' होऊन बसतो. चूक अशी की ती गोंडस दिसते. राशी एकदम लहान झाल्याचे समाधानही मिळते. बरोबर उघडल्यावर मिळणारी राशी अशी आहे:

```
F = B'C + B'C'D' + BCD + ABC'D
```

मॅपची मांडणी

चार चलांची सोळा संयोगे होतात, म्हणून चार ओळी आणि चार स्तंभांची जाळी काढायची. ओळींवर AB च्या किमती आणि स्तंभांवर CD च्या किमती लिहायच्या, पण त्यांचा क्रम 00, 01, 11, 10 असा ठेवायचा, मोजणीप्रमाणे 00, 01, 10, 11 असा नाही. शेजारच्या दोन घरांत एकाच चलाचा फरक असला पाहिजे, एवढ्यासाठीच हा क्रम आहे. एडवर्ड वीच यांनी १९५२ मध्ये असा तक्ता मांडला होता आणि बेल लॅब्समधील मॉरिस कार्नो यांनी १९५३ मध्ये त्याला आजचे रूप दिले. शेजारीपण डोळ्यांना सरळ दिसावे अशी ही मांडणी आहे.

```
          CD
          00  01  11  10
AB  00     1   0   1   1
AB  01     0   0   1   0
AB  11     0   1   1   0
AB  10     1   0   1   1
```

भरताना एकेक पद घ्यावे. B'C मध्ये A आणि D यांचा उल्लेख नाही, म्हणून ते दोन्ही काहीही असू शकतात: B शून्य असलेल्या 00 आणि 10 या ओळी, आणि C एक असलेले 11 आणि 10 हे स्तंभ, यांच्या छेदातील चार घरांत 1 लिहायचा. B'C'D' मधून डाव्या स्तंभातील वरचे आणि खालचे घर मिळते. BCD मधून 11 स्तंभातील मधली दोन घरे मिळतात. ABC'D या पदात चारही अक्षरे असल्याने त्याला एकच घर मिळते: ओळ 11, स्तंभ 01. उरलेल्या घरांत 0 लिहायचा. एकूण नऊ घरांत 1 आले.

मथळे चुकून मोजणीच्या क्रमाने लिहिले गेले तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. 1101 आणि 1111 ही दोन घरे तेव्हा एकमेकांपासून दूर पडतात, 1101 चे घर एकटे दिसते, आणि ABC'D हे चार अक्षरांचे पद तसेच उरते. उत्तर चुकत नाही, फक्त लहान होत नाही. सर्किटही बरोबर चालते, त्यामुळे ही चूक पुढे कधीच पकडली जात नाही. उलट अशा मॅपवर 01 आणि 10 स्तंभांची जोडी लावली, तर मात्र उत्तरच चुकते. मथळ्यांवरून बोट फिरवून एका वेळी एकच अंक बदलतो आहे का, हे आधीच पाहिले की दोन्ही टळतात.

गट करणे

आता शेजारच्या 1 चे गट करायचे. गट आयताकृती असावा, त्यात 1, 2, 4, 8 किंवा 16 घरे असावीत, आणि त्यात एकही 0 नसावा. तीन किंवा सहा घरांचा गट चालत नाही. गट शक्य तितका मोठा असावा, कारण गट दुप्पट झाला की पदातील एक अक्षर कमी होते. एक घर अनेक गटांत आले तरी हरकत नाही. आणि मॅपच्या कडा खऱ्या कडा नाहीत: डावी कड उजवीला आणि वरची खालचीला चिकटलेली आहे असे मानायचे, कारण 00 आणि 10 यांच्यातही एकाच अंकाचा फरक आहे.

कोठून सुरुवात करायची, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक जण डोळ्यांना भरणारा मोठा गट आधी काढतात. या मॅपवर तो मोह B'C चा होतो: उजवीकडच्या दोन स्तंभांत वरची आणि खालची ओळ मिळून चार घरे सहज दिसतात, शिवाय हे पद मूळ राशीतच लिहिलेले आहे. पण पद्धत उलटी असावी. ज्या 1 ला शेजारी सर्वांत कमी आहेत, तेथून सुरुवात करावी, कारण त्याच्यापुढे पर्याय नसतो.

1101 च्या घराला चार शेजारी आहेत, त्यांपैकी फक्त 1111 मध्ये 1 आहे. म्हणून या दोघांची जोडी घ्यावीच लागेल. या जोडीत A, B आणि D एकच राहतात, C बदलतो. जो बदलतो तो गळतो. पद मिळाले ABD.

यानंतर 0111 चे घर. त्याच्या डावीउजवीकडे 0 आहेत, वर आणि खाली 1 आहेत. म्हणून ते उभ्या दिशेनेच वाढू शकते, आणि वाढत जाऊन 11 चा संपूर्ण स्तंभ व्यापते. A आणि B दोन्ही गळतात. पद मिळाले CD.

मग 0000 चे घर. त्याच्या उजवीकडे 0, खाली 0. पण कडेवरून वळून पाहिले, तर डावीकडे म्हणजे त्याच ओळीच्या उजव्या टोकाला 1 आहे, आणि वर म्हणजे त्याच स्तंभाच्या तळाला 1 आहे. उरलेला चौथा कोपराही 1 आहे. चारही कोपरे मिळून एक गट होतो. ओळी 00 आणि 10 मध्ये B शून्य राहतो, स्तंभ 00 आणि 10 मध्ये D शून्य राहतो. पद मिळाले B'D'.

आता मोजणी करावी. कोपरे चार, स्तंभाची घरे चार, आणि जोडीतून नवीन मिळालेले एक: नऊ. सर्व 1 झाकले गेले आणि B'C घेण्याची वेळच आली नाही. त्याची चारही घरे कोपरे आणि स्तंभ यांनी आधीच वाटून घेतली आहेत. मूळ राशीत पहिल्यांदा लिहिलेले पद उत्तरात कोठेच नाही, हे बीजगणिताने सरळ दिसले नसते.

```
F = B'D' + CD + ABD
```

उत्तर तपासताना केवळ 1 ची घरे पाहणे पुरेसे नाही. एखादा गट चुकून 0 वर पसरला असेल तर तो शून्यांमध्येच सापडतो. उदाहरणार्थ 1110 घ्यावे: B'D' शून्य, CD शून्य, ABD शून्य; म्हणून F=0, आणि मॅपवरही 0 आहे. सातही शून्ये अशीच तपासायला फार वेळ लागत नाही.

नवी आकृती आणि खरा हिशेब

दोन इनपुटांचेच गेट वापरले, तर नव्या राशीला दोन नॉट, चार अँड आणि दोन ऑर, म्हणजे आठ गेट लागतात. D सामाईक काढून B'D' + D(C + AB) असे लिहिले, तर सातांवर भागते. हे सातांचे रूप मॅप स्वतःहून देत नाही. मॅप फक्त अँडनंतर ऑर अशा दोन पातळ्यांचे सर्वांत लहान रूप देतो, आणि कंसाची बचत आपल्याला शोधावी लागते. मात्र कंसाने वाट लांबते: A किंवा B चा बदल आता चार गेटमधून जातो, तर तीन इनपुटांचे गेट वापरून मांडलेल्या दोन पातळ्यांच्या रूपात नॉट धरूनही तीनच गेट येतात.

ब्रेडबोर्डवर जोडणी करायची असेल, तर हिशेब आणखी वेगळा होतो. 7404 मध्ये सहा नॉट, 7408 मध्ये चार अँड आणि 7432 मध्ये चार ऑर असतात. मूळ अकरा गेटना यांची प्रत्येकी एक, म्हणजे तीन आयसी लागतात, आणि सरळ केलेल्या आठ गेटनाही तीनच लागतात! गेट कमी झाले, पण आयसी एकही कमी झाली नाही. येथे नँड गेट कामी येतात. प्रत्येक अँडच्या आउटपुटवर एक वर्तुळ आणि शेवटच्या ऑरच्या प्रत्येक इनपुटवर एक वर्तुळ काढावे. एकाच तारेच्या दोन टोकांवरील वर्तुळे एकमेकांना रद्द करतात, म्हणून F बदलत नाही. आणि इनपुटांवर वर्तुळे असलेला ऑर म्हणजे डी मॉर्गनच्या नियमाने नँडच आहे. नँडची दोन्ही इनपुटे एकत्र जोडली की त्याचा नॉट होतो.

```
p1 = (B · B)'
p2 = (D · D)'
p3 = (p1 · p2)'
p4 = (C · D)'
p5 = (A · B · D)'
F  = (p3 · p4 · p5)'
```

पहिले चार गेट दोन इनपुटांचे आहेत आणि 7400 मध्ये बरोबर चारच असतात. शेवटचे दोन तीन इनपुटांचे आहेत आणि 7410 मध्ये असे तीन असतात. दोन आयसीत काम संपते. 7410 मधील शिल्लक गेटची इनपुटे मोकळी सोडू नयेत. विशेषतः 74HC मालिकेत ती ग्राउंडला किंवा पुरवठ्याला जोडावीत.

मॅपने कोठे थांबावे

पाच चलांसाठी दोन मॅप एकमेकांवर ठेवल्याची कल्पना करावी लागते आणि सहांसाठी चार. त्यापुढे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. क्वाइन-मॅक्लस्कीसारखी तक्त्यांची पद्धत किंवा सॉफ्टवेअर वापरावे. आणि 1 बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक आले असतील, तर मॅपवर एकही जोडी होत नाही. त्याचा अर्थ राशी लहान होत नाही असा नसून ती एक्सऑर गेटने मांडायची आहे असा आहे: चार चलांच्या अशा राशीला अँड-ऑरच्या रूपात चार-चार अक्षरांची आठ पदे लागतात, तर एक्सऑर गेट तीनच पुरतात. पट उलटा पडला असेल, तर त्याला एक नॉट जोडायचा.

टाकून दिलेले पद परत आणावे लागते तेव्हा

B'C अनावश्यक आहे हे F च्या स्थिर किमतींपुरते खरे आहे. B=0 आणि C=1 ठेवून D बदलला, तर F दोन्ही वेळा 1 च असायला हवा. D=1 असताना तो 1 CD या पदामुळे येतो आणि D=0 असताना B'D' मुळे. D खाली येताच p4 एका गेटच्या विलंबानंतर बदलतो, पण p3 बदलण्यापूर्वी p2 बदलावा लागतो, म्हणून तेथे दोन गेटचा विलंब होतो. मधल्या वेळात दोन्ही पदे शून्य असतात आणि F क्षणभर खाली जाऊन वर येतो. D वर जाताना हे होत नाही, कारण तेव्हा p4 आधीच काम हाती घेतो.

मॅपवर हा धोका आधी दिसतो: 0011 आणि 0010 ही घरे शेजारी आहेत, दोन्हींत 1 आहे, पण दोन्हींना झाकणारा एकही गट निवडलेला नाही. 1011 आणि 1010 यांचेही तसेच. ही दोन्ही दरी भरणारा गट B'C हाच आहे, आणि तो जोडला की D बदलत असताना F धरून ठेवणारे एक पद कायम 1 राहते. त्यासाठी 7410 मधील शिल्लक गेट वापरता येतो, पण शेवटच्या नँडला आता चार इनपुटे हवीत, म्हणून 7420 ही तिसरी आयसी येते. F क्लॉकच्या इनपुटला किंवा लॅचला जात असेल, तर ही किंमत द्यावी. F ची किमत सर्किट स्थिर झाल्यानंतरच क्लॉकने उचलली जात असेल, तर B'C विना आकृती तशीच ठेवावी.

खात्री करायची असल्यास B ग्राउंडला आणि C पुरवठ्याला जोडून D वर चौकोनी तरंग द्यावा आणि F ऑसिलोस्कोपवर पाहावा. आउटपुटवर लावलेला एलईडी अखंड पेटलेलाच दिसेल, कारण 74HC मालिकेत हा खड्डा काही नॅनोसेकंदांचाच असतो. स्कोपचा ट्रिगर D च्या उतरत्या कडेवर ठेवला आणि त्याची बँडविड्थ पुरेशी असली, तर F च्या सरळ रेषेत त्या कडेनंतर लगेच एक अरुंद खाच दिसते, आणि D च्या चढत्या कडेवर ती दिसत नाही.